रॅन्समवेअरची घटना रेझ्युमेत लिहायची, पण ग्राहक ओळखू येता कामा नये

प्रश्न: बडोद्यात एका सॉकमध्ये तीन वर्षं अ‍ॅनालिस्ट आहे. रॅन्समवेअरच्या दोन घटना हाताळल्या, पण गोपनीयतेचा करार आहे. रेझ्युमेत घटना, टूल्स आणि सर्टिफिकेशन कसं लिहू? काही लिहिलंच नाही तर रेझ्युमे रिकामा दिसतो.

उत्तर:

मीही बडोद्याचाच. सॉकसाठी माणसं निवडताना रेझ्युमे वाचणं हे गेली काही वर्षं माझं काम आहे. मागे एका मुलाचा रेझ्युमे आला. ग्राहकाचं नाव त्याने काळजीपूर्वक गाळलं होतं, पण एक ओळ अशी होती: "नंदेसरीतील रसायन कंपनी, दिवाळीच्या सुट्टीत रॅन्समवेअर, 14 सर्व्हर बाधित, उत्पादन तीन दिवस बंद, 3389 पोर्ट इंटरनेटवर उघडा होता." ती वाचताच मला कंपनी कळली, कारण आमच्या सोसायटीतले एक काका तिथे कामाला होते आणि त्या दिवाळीनंतर ते तीन दिवस घरी बसून होते. मुलगा हुशार होता, तरी आम्ही त्याला घेतलं नाही. उद्या आमच्या ग्राहकाबद्दल तो असंच लिहील, ही भीती होती.

नाव झाकलं म्हणजे ओळख झाकली असं होत नाही. जागा, धंदा, वेळ आणि नुकसान या चार गोष्टी एकत्र आल्या की आपल्यासारख्या गावात नाव आपोआप कळतं. म्हणून या चारांतली फार तर एकच ठेवा, तीही ढोबळ. "नंदेसरीतील रसायन कंपनी"ऐवजी "उत्पादन क्षेत्रातील ग्राहक" पुरतं. महिना नको, सण तर नकोच; नोकरीचा कालावधी वर दिलेला असतोच. सर्व्हरची संख्या आणि बंद पडलेले दिवस हा ग्राहकाच्या नुकसानीचा हिशेब आहे, तो तुमच्या कामाचा पुरावा नाही. आणि बातमी पेपरात आली असली, तरी करारातून तुमची सुटका होत नाही. पेपराने लिहिणं वेगळं, आतल्या माणसाने त्याला दुजोरा देणं वेगळं.

मग उरतं काय? उरते तुमची पद्धत. ती सहसा कोणाची गुप्त नसते आणि मुलाखत घेणाऱ्याला तेच हवं असतं. रेझ्युमे तुम्ही इंग्रजीतच लिहाल, पण वरची ओळ मी साधारण अशी बदलेन:

"उत्पादन क्षेत्रातील ग्राहकाच्या रॅन्समवेअर घटनेत पहिला तपास केला. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगवरून पासवर्ड अंदाजाने शोधण्याचे प्रयत्न, यशस्वी लॉगिन आणि पुढच्या यंत्रांवरचा रिमोट प्रवेश यांचा क्रम लावला. बाधित यंत्रं ईडीआरमधून नेटवर्कपासून तोडली. सर्ट-इनला द्यायच्या अहवालासाठी घटनाक्रम तयार केला. नंतर त्याच पद्धतीसाठी डिटेक्शन रूल लिहून जुन्या लॉगवर तपासला."

ओळीच्या शेवटी मायटर अटॅकचे क्रमांक द्या. पासवर्ड अंदाजाने शोधण्यासाठी T1110, रिमोट डेस्कटॉपसाठी T1021.001, फाइली एन्क्रिप्ट करण्यासाठी T1486. हे क्रमांक जगभर तेच असल्याने त्यातून ग्राहकाबद्दल काही कळत नाही, पण घटना तुम्हाला किती समजली ते वाचणाऱ्याला कळतं. सर्ट-इनच्या 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात. त्या मुदतीत घटनाक्रम तयार करायला खरोखर हात लावला असेल तर ते जरूर लिहा, त्याला वजन आहे.

अशा ओळीवर मी पुढे काय विचारतो ते सांगतो, म्हणजे काय पक्कं हवं ते लक्षात येईल. अपयशी लॉगिनची नोंद 4625, यशस्वीची 4624. मी विचारतो, "हल्ला रिमोट डेस्कटॉपवरून होता, मग तुझ्या 4625 मध्ये लॉगिनचा प्रकार 10 दिसला का?" पुष्कळ जण पटकन हो म्हणतात. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असेल तर अपयशी प्रयत्न सहसा प्रकार 3 म्हणून नोंदले जातात, आणि प्रकार 10 दिसतो तो सेशन खरोखर उघडल्यावर. ज्याने लॉग स्वतः चाळलेत तो हे सांगतो, आणि ग्राहकाबद्दल एक शब्दही न बोलता सांगतो. तुमचं काम एल-वनचं होतं तर "पहिली छाननी करून पुढे पाठवलं" असंच लिहा. "घटना हाताळली" लिहिलंत की मी निर्णय कोणी घेतला ते विचारणार.

टूल्सच्या बाबतीत बहुतेकांचं चुकतं. नोकरीच्या नावाखाली "इथे अमुक सीम, अमुक ईडीआर, अमुक फायरवॉल, अमुक आवृत्ती" असं लिहिलं की कंपनीच्या संरक्षणाचा नकाशाच बाहेर जातो. कुठल्या ईडीआरला चुकवायचं, हे हल्लेखोराला तुमच्या प्रोफाइलवरून समजतं. म्हणून नोकरीखाली फक्त प्रकार लिहा: सीम, ईडीआर, ईमेल गेटवे. स्प्लंक, सेंटिनेल, वायरशार्क ही नावं वेगळ्या कौशल्यांच्या भागात द्या, आवृत्तीशिवाय आणि कुठल्याही कंपनीशी न जोडता. भरतीच्या सॉफ्टवेअरला नाव सापडतं आणि कोणाचं काही उघडही होत नाही. नावासोबत काय करता येतं ते मात्र लिहा. नुसतं "स्प्लंक" लिहिण्यापेक्षा "स्प्लंकमध्ये कोरिलेशन सर्च लिहिणं, खोट्या अलर्टची छाटणी" हे कितीतरी उपयोगी. रात्रपाळीला किती जण असतात, कुठला लॉग सीममध्ये येतच नाही, असलं काही कुठेच नको.

सर्टिफिकेशनमध्ये लपवण्यासारखं थोडंच आहे. नाव, मिळाल्याचं वर्ष, मुदत. सिक्युरिटी प्लस आणि सीईएच तीन-तीन वर्षांचे असतात. मुदत संपली असेल तर तसं लिहा, कारण पडताळणीत ते दिसतंच. सीआयएसएसपीची परीक्षा पास आहात पण अनुभवाची अट पुरी नाही, तर "असोसिएट ऑफ आयएससी-टू" एवढंच लिहिता येतं. पडताळणीची लिंक द्या. प्रमाणपत्राचा फोटो किंवा उमेदवार क्रमांक नको.

आणि एक गोष्ट हमखास राहते. रेझ्युमे ऑफिसच्या लॅपटॉपवर बनवू नका. वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचं आणि कंपनीचं नाव आपोआप बसू शकतं, आणि जुन्या रेझ्युमेवरूनच नवा केला असेल तर ट्रॅक केलेल्या बदलांत खोडलेलं ग्राहकाचं नावही राहू शकतं. वर्डमधला Inspect Document आधी चालवा, मग पीडीएफ करा आणि ती अशी बघा:

```
exiftool Resume.pdf
```

Author, Title आणि Company या ओळी वाचा. Title मध्ये फाइलचं जुनं नाव राहिलेलं मी पाहिलंय, आणि त्या नावात ग्राहक होता. तसं दिसलं तर पीडीएफवरच डागडुजी करत बसू नका, कारण exiftool ने पीडीएफमधून काढलेली माहिती परत मिळवता येते. मूळ वर्ड फाइल साफ करून पीडीएफ नव्याने काढा आणि पुन्हा तीच कमांड चालवा.