कागदी अणू आणि लग्नपत्रिकेचे रेणू

नववीला विज्ञान शिकवते, पुण्यात, मराठी माध्यम. समीकरण संतुलित करताना मुलं सरळ सूत्रातलेच आकडे बदलतात. कागदाचे अणू कापून हा तास घ्यायचा विचार आहे. कोणी घेतलाय का? नेमका कसा घेतलात?

---

घेतलाय, आणि पहिल्या वर्षी चांगलाच फसलाय. तिथूनच सांगते, कारण तुमच्या मुलांची जी चूक आहे तीच माझ्या तासाला कागदाने झाकली होती.

त्या वर्षी मी प्रत्येक गटाला रंगीत गोलांचं एक पाकीट दिलं, फळ्यावर H₂ + O₂ → H₂O लिहिलं आणि म्हटलं, डावीकडचे रेणू मांडा, मग तेच अणू उचलून उजवीकडचे करा. एकही अणू उरता कामा नये. पाच मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, झालं!" जाऊन पाहिलं तर दोन पांढरे आणि दोन लाल गोल एकमेकांना चिकटून मांडलेले. काही उरलं नव्हतं. डावीकडे जितके अणू तितकेच उजवीकडे. मी सांगितलेला एकही नियम त्या मुलाने मोडला नव्हता, आणि पाण्याऐवजी H₂O₂ तयार केलं होतं. मी म्हटलं, अरे, हे हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखमेवर ओतलं की फेस येतो ते. तर तो म्हणतो, "पण बाई, कागदाला कसं कळणार?"

खरंच आहे की. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या तुकडीत मी अणूंना संयुजेइतके हात काढायला लावले: हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन. काही उपयोग झाला नाही. H₂O₂ मध्येही प्रत्येक ऑक्सिजनचा एक हात शेजारच्या ऑक्सिजनला आणि दुसरा हायड्रोजनला जातो. सगळ्यांचे हात गुंततात. म्हणजे अणू मोजून किंवा संयुजा जुळवून अभिक्रियेत काय तयार होतं ते ठरत नाही. ते प्रयोगातून कळतं. समीकरण संतुलित करायला बसतो तेव्हा काय तयार झालं हे आधीच ठरलेलं असतं, प्रश्न फक्त किती रेणूंचा असतो. ही गोष्ट मी तोंडाने कितीतरी वेळा सांगितली असेल, पण साहित्यात ती कुठेच नव्हती.

ती साहित्यात आली लग्नपत्रिकांमुळे. जुन्या पत्रिका घरोघरी पडून असतात, मुलांना सांगितलं की ढीग येतो. त्या अर्ध्या कापायच्या आणि कोऱ्या बाजूवर स्केचपेनने एका रेणूचे चौकोन आखायचे. H₂O च्या पत्रिकेवर तीन चौकोन, दोन H चे आणि एक O चा. O₂ च्या पत्रिकेवर O चे दोन. CO₂ वर C चा एक आणि O चे दोन. अणूंचे तुकडे या चौकोनांवर ठेवायचे, चिकटवायचे नाहीत. नियम दोनच. एक, पत्रिका घेतली तर पूर्ण भरायची. दोन, पत्रिकेवर नवा चौकोन आखायचा नाही, असलेला खोडायचा नाही. पाहिजे तर तशीच आणखी एक पत्रिका घ्या.

या दुसऱ्या नियमात सगळं आलं. सूत्राखालचा आकडा म्हणजे पत्रिकेवर छापलेले चौकोन, त्याला हात लावायची सोय नाही. पुढचा आकडा म्हणजे तशा किती पत्रिका घेतल्या ते. सहगुणक हा शब्द मी तास संपत आल्यावर सांगते. तोवर मुलं "किती पत्रिका" असंच म्हणतात आणि मी ते चालू देते.

अणू गोल कापू नका. गोल कापण्यात एक रविवार जातो. कार्डशीटचे ३ सेंटीमीटरचे चौकोन करा: ए-फोर आकाराच्या कागदातून सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीतून नऊ, म्हणजे ६३ तुकडे निघतात. रंगीत कार्डशीट अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळते. साधा घोटीव कागद मात्र घेऊ नका, पंखा लावला की सगळा ऑक्सिजन शेजारच्या बाकावर जातो. नेहमीचे रंग हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, कार्बन काळा. अॅल्युमिनिअमला मी करडा घेते. प्रत्येक तुकड्यावर संज्ञा लिहायचीच, नाहीतर मुलं रंग मोजतात आणि अणू विसरतात.

साठ मुलांच्या वर्गात चार-चारांचे पंधरा गट होतात. एका पाकिटात ८ हायड्रोजन, ८ ऑक्सिजन, २ कार्बन आणि ६ अॅल्युमिनिअम घालते. हे मुद्दाम गरजेपेक्षा जास्त आहेत. नेमके लागतील तेवढेच दिले की पाकीट रिकामं झालं म्हणजे उत्तर आलं, हे मुलं लगेच ओळखतात आणि विचार थांबतो. पाकिटं आदल्या दिवशी भरून ठेवा, आणि तास शक्यतो जोड घ्या. पस्तीस मिनिटांच्या एका तासात वाटण्या-गोळा करण्यातच निम्मा वेळ जातो.

आता पाण्याचं पाहा. डावीकडे H₂ ची एक पत्रिका आणि O₂ ची एक, दोन्ही भरलेल्या. त्याच चार तुकड्यांनी उजवीकडे H₂O ची पत्रिका भरायची. भरली, आणि एक लाल तुकडा हातात उरला. इथे मी गप्प बसते. कोणी तो गुपचूप पाकिटात टाकायला जातो, त्याला गटातलेच अडवतात. मग कोणीतरी H₂O ची दुसरी पत्रिका घेऊन त्यावर तो ठेवतो, आणि आता दोन पांढरे कमी पडतात. ते पाकिटातून थेट उजवीकडे आणता येत नाहीत. डावीकडूनच यायला हवेत, आणि डावीकडे हायड्रोजन जोडीनेच मिळतो. म्हणून H₂ ची दुसरी पत्रिका. शेवटी डावीकडे रिकाम्या झालेल्या पत्रिका मोजायच्या: H₂ च्या दोन, O₂ ची एक. उजवीकडे भरलेल्या दोन. 2H₂ + O₂ → 2H₂O.

या क्षणी दरवर्षी कोणीतरी म्हणतं, "बाई, चुकलं. डावीकडे तीन पत्रिका, उजवीकडे दोनच." या आक्षेपाची मी वाटच बघत असते. रेणूंची संख्या सारखी राहायलाच हवी असं कोणी सांगितलंय? अणू दोन्हीकडे सहा आहेत. वजनही करून बघा: हायड्रोजनचं १ आणि ऑक्सिजनचं १६ धरलं तर डावीकडे ४ आणि ३२ मिळून ३६, उजवीकडे १८ दुणे ३६. नववीला द्रव्य अक्षय्यतेचा नियम आणि रेणुवस्तुमान शिकवून झालेलं असतं, ते इथे कामाला येतं.

मिथेन मी दुसरा घेते, कारण तो सोपा जातो आणि हात बसतो. शहरात बऱ्याच घरी पाइपने गॅस येतो, तो मुख्यतः मिथेनच. CH₄ + 2O₂ → CO₂ + 2H₂O, दहा मिनिटांत सगळ्यांचं होतं.

तिसरं समीकरण अॅल्युमिनिअमचं, आणि वेळ इथे द्या. अॅल्युमिनिअमच्या पातेल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने पातळ थर बसतो तो Al₂O₃ चा. अॅल्युमिनिअमला पत्रिका नाही, तुकडे सुटेच ठेवायचे. धातूत वेगळे रेणू नसतात हे एका वाक्यात सांगते. Al₂O₃ च्या पत्रिकेवर ऑक्सिजनचे तीन चौकोन आहेत, आणि ऑक्सिजन येतो दोन-दोनने. एक O₂ आणला तर एक चौकोन रिकामा. दोन आणले तर एक ऑक्सिजन जास्त. जास्तीच्या त्या एकासाठी दुसरी पत्रिका घेतली की तिला दोन कमी, म्हणून तिसरा O₂. आता सहा ऑक्सिजन, दोन पत्रिका, सगळं भरलं. अॅल्युमिनिअम मोजले तर चार लागले. 4Al + 3O₂ → 2Al₂O₃. फळ्यावर दोन आणि तीनचा लसावि काढा असं सांगितलं की मुलं करतात, पण कशाचा आणि का ते सांगता येत नाही. इथे ती हाताने सहापर्यंत पोचतात, आणि एखादी मुलगी स्वतःच म्हणते की हा तर लसावि झाला.

पत्रिका वापरूनही एक चूक उरते. वहीत उतरवताना काही जण 2H₂O च्या जागी H₄O₂ लिहितात, कारण दोन पत्रिका खेटून ठेवलेल्या असतात आणि डोळ्यांना चार पांढरे, दोन लाल दिसतात. दोन पत्रिकांमध्ये बोटभर जागा सोडायला सांगा, आणि वहीत आधी चित्र काढायला लावा, प्रत्येक पत्रिकेची वेगळी चौकट, सूत्र त्यानंतर.

समजलं की नाही हे मी दुसऱ्या दिवशी साहित्य न देता तपासते. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया, N₂ + H₂ → NH₃, चित्र काढून संतुलित करा. याचं उत्तर N₂ + 3H₂ → 2NH₃. ज्याने उजवीकडे N₂H₆ लिहिलं त्याच्या डोक्यात खालचा आकडा अजून हलतोय, त्याला पुन्हा पत्रिका द्यायची. त्याचं अणूंचं मोजणं बरोबर असतं, म्हणून नुसती बेरीज तपासलीत तर ही चूक तुमच्या नजरेतून सुटेल.

कागद कुठे सोडायचा तेही सांगते. सिलिंडरमधल्या गॅसमधला ब्यूटेन घ्यायचा मोह होतो, पण 2C₄H₁₀ + 13O₂ → 8CO₂ + 10H₂O म्हणजे एका गटाला ५४ तुकडे. त्यात शिकणं कमी आणि आवराआवर जास्त. तिथे वहीत तक्ता आखून मोजणं बरं. सल्फेटसारखा मूलक आला तर मात्र SO₄ चा एकच मोठा तुकडा कापा, तो जर अभिक्रियेत अखंड राहत असेल. पाच सुटे अणू करून मुलांना दमवू नका.

आणि मुलांना स्पष्ट सांगा की खरी अभिक्रिया अशी सगळे अणू सुटे करून, मग पुन्हा मांडून होते असं हा खेळ दाखवत नाही. मीठ किंवा Al₂O₃ यांचे पत्रिकेसारखे सुटे रेणूही नसतात. तिथे सूत्र फक्त प्रमाण सांगतं. माझ्या वर्गात हे एकाने विचारलं तेव्हा घंटा होऊन गेली होती, म्हणून मी आता ते अॅल्युमिनिअमच्या वेळीच सांगून टाकते.