चॅटवरची मंजुरी ऑडिटमध्ये चालते का?

मॅनेजरने व्हॉट्सॲपवर खर्चाला ‘हो’ म्हटलं होतं, आता नाकारतोय. चॅट एक्सपोर्ट करून ठेवलंय, पुरेल का?

एकट्या त्या फाइलवर विसंबू नका. ती साधी टेक्स्ट फाइल असते, कुणीही उघडून ‘नाही’चं ‘हो’ करू शकतं. शिवाय नाव तुमच्या फोनमध्ये सेव्ह केलेलं तेच उमटतं आणि वेळही तुमच्या फोनच्या टाइम झोनप्रमाणे.

खरी गोची वेगळीच आहे. कोणत्या मेसेजला रिप्लाय दिला ते एक्सपोर्टमध्ये दिसत नाही. तुम्ही 11:02 ला कोटेशन पाठवलंत, 11:03 ला ‘उद्या सुट्टी घेऊ का?’ विचारलंत आणि 11:10 ला ‘हो’ आलं, तर ते ‘हो’ सुट्टीला होतं असं तो बिनदिक्कत म्हणेल. त्याने कोटेशनच्या मेसेजलाच रिप्लाय केला असेल, तर फोनवर मात्र ‘हो’च्या वर ते कोटेशन दिसतं. म्हणून मूळ चॅट फोनमध्ये तसंच राहू द्या, फोन बदलू किंवा रिसेट करू नका, डिसअपिअरिंग मेसेजेस बंद करा. ऑडिटरला नंबरसकट स्क्रीनवरच दाखवा.

सोबत त्या तारखेचं बिल, पर्चेस ऑर्डर किंवा मेल जोडा. आणि निवडक मेसेज देऊ नका. मधला भाग गाळलेला दिसला की उरलेल्यावरही शंका येते. मंजुरीचा अधिकार मॅनेजरला नसेलच, तर चॅट कितीही अस्सल असलं तरी खर्च नियमात बसणार नाही.