‘खडक’ म्हणजे बेट नव्हे का?

*प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये ‘इतु आबा हे बेट नाही, खडक आहे असा निकाल लागला’ असं शिकवलं. पण त्याच नोट्समध्ये तिथे गोड्या पाण्याच्या विहिरी, झाडं आणि धावपट्टी असल्याचंही लिहिलंय. मग त्याला खडक कसं म्हणायचं? मराठीत इथे ‘खडक’ हा शब्द बरोबर आहे का? — एक विद्यार्थिनी, नाशिकरोड*

इतु आबा हे दक्षिण चीन समुद्रातलं एक छोटं बेट. त्याच्यासाठी ‘खडक’ हा शब्द बरोबर आहे. चूक आहे ती ‘बेट नाही, खडक आहे’ या मांडणीत. १९८२ च्या समुद्र कायदा कराराचं १२१ वं कलम बेटांबद्दल आहे आणि खडकाचा उल्लेख त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात येतो. पहिलं पोटकलम बेट म्हणजे काय ते सांगतं : नैसर्गिकरीत्या तयार झालेली, चहूबाजूंनी पाणी असलेली आणि भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारी जमीन. दुसरं पोटकलम बेटाला इतर कुठल्याही जमिनीइतकेच सागरी हक्क देतं. तिसरं त्याला अपवाद करतं आणि काही बेटांचे हक्क कापतं. ज्यांचे हक्क असे कापले जातात त्या बेटांना करार खडक म्हणतो. म्हणजे कायद्यातला खडक ही बेटाचीच एक जात आहे, फक्त कमी हक्कांची.

दगडाशी त्याचा संबंध नाही. निकाराग्वा विरुद्ध कोलंबिया खटल्यात (२०१२) आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे किटासुएन्यो नावाच्या प्रवाळरांगेतलं एक टोक आलं होतं. भरतीच्या वेळी ते पाण्यावर जेमतेम ०.७ मीटर उरतं. हे तर प्रवाळाचे तुकडे आहेत, खरी जमीन नव्हे, असा आक्षेप होता. न्यायालयाने तो फेटाळला. ते कशाचं बनलंय हे गैरलागू, ते नैसर्गिक आहे का आणि भरतीत डोकं वर राहतं का एवढंच पाहायचं. आपल्याकडे गोदेचा पूर किती चढला हे दुतोंड्या मारुतीवरून सांगतात, तसंच इथे भरतीचं पाणी कुठवर येतं यावरून दर्जा ठरतो. डोकं बुडालं, तर तो नुसता ओहोटीला उघडा पडणारा उंचवटा. मुख्य किनाऱ्यापासून किंवा एखाद्या बेटापासून बारा सागरी मैलांच्या आत असेल तर मोजणीची आधाररेषा काढायला तो वापरता येतो, एरवी स्वतःचा म्हणून त्याला समुद्र मिळत नाही. डोकं वर राहिलं तर बेट. मग ते पूर्ण हक्काचं की खडक, हा पुढचा प्रश्न.

या दोहोंतला फरक किती मोठा आहे ते आकड्यांत पाहा. खडकाला फक्त प्रादेशिक समुद्र मिळतो, १२ सागरी मैलांपर्यंत (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). आजूबाजूला दुसऱ्या कुणाचा हक्क नाही असं धरलं तर ते वर्तुळ सुमारे १,५५० चौरस किलोमीटरचं होतं, साधारण नाशिक जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं. पूर्ण हक्काच्या बेटाला २०० सागरी मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र आणि खालची समुद्रबूड जमीनही मिळते. ते वर्तुळ सुमारे ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं. आतली मासळी, तेल, वायू सगळं त्या देशाचं. (नोट्समध्ये ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ लिहिलं असेल तर खोडा. ते कारखान्यांना सवलती देणाऱ्या वसाहतींचं नाव आहे.)

आता ज्या वाक्यावर सगळं अडतं ते पाहू. मराठीत ते साधारण असं होईल : ‘ज्या खडकांवर मानवी वस्ती किंवा त्यांचं स्वतःचं आर्थिक जीवन टिकू शकत नाही, त्यांना अनन्य आर्थिक क्षेत्र आणि समुद्रबूड जमीन मिळणार नाही.’ यातला ‘किंवा’ फसवा आहे. वस्ती नाही एवढ्यावर हक्क जातात, की वस्तीही नाही आणि आर्थिक जीवनही नाही, असं दोन्ही लागतं? इतु आबाचा निकाल देणाऱ्या लवादाने दुसरा अर्थ घेतला. दोन्हींपैकी एक जरी टिकत असेल तरी बेटाचे हक्क पूर्ण. म्हणून मराठीत मी ‘ना मानवी वस्ती, ना स्वतःचं आर्थिक जीवन’ असंच लिहीन. त्यात संदिग्धता उरत नाही. लवादाने मात्र हेही म्हटलं की स्थिर वस्ती असल्याशिवाय स्वतःचं आर्थिक जीवन सहसा उभं राहत नाही, त्यामुळे व्यवहारात दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

दुसरा कळीचा शब्द ‘शकत’. आज तिथे कुणी राहतं का, हा प्रश्न नाही. त्या जमिनीत मुळात तेवढी कुवत आहे का, हा आहे. आणि ‘स्वतःचं’ म्हणजे बाहेरून आणलेल्या रसदीवर, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रावर किंवा भर टाकून वाढवलेल्या जमिनीवर चालणारं नव्हे.

आता इतु आबा. दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली समूहातलं हे सर्वांत मोठं नैसर्गिक बेट, साधारण १.४ किलोमीटर लांब आणि ३७० मीटर रुंद, ताबा तैवानचा. फिलिपिन्सने चीनविरुद्ध २०१३ मध्ये दावा लावला, चीनने सुनावणीत भाग घेतला नाही, आणि १२ जुलै २०१६ रोजी पाच जणांच्या लवादाने एकमताने निकाल दिला. तुम्ही विचारलेल्या विहिरी आणि झाडं लवादाच्या नजरेतून सुटली नव्हती. पाणी पिण्याजोगं आहे, केळी-पपई होते, थोडी माणसं तिथे जगू शकतात, हे त्याने मान्य केलं. मात्र ही माणसं किती, किती काळ, हे नुसत्या माती-पाण्यावरून ठरवता येईना. असं काठावरचं प्रकरण असेल तर इतिहासाला विचारायचं, अशी रीत लवादाने घातली. जमिनीत खरंच वस्ती टिकवण्याची कुवत असती, तर युद्ध किंवा तसंच काही आड आलं नसताना इतक्या वर्षांत कुणी तरी तिथे रुजलं असतं.

इतिहासात सापडलं ते असं. हायनानकडचे मच्छीमार मोसमात येत, मुक्काम करत आणि परत जात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी कंपन्यांनी पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेलं खत खणलं, मासेमारी केली. मजूर बाहेरून आणले आणि धंदा संपला तशी माणसं गेली. लवादाच्या मते हे तात्पुरते तळ होते, गाव नव्हतं. खाणीतला माल उचलून दुसरीकडे न्यायचा आणि नफाही तिकडच्याच लोकांचा, याला त्या जमिनीचं ‘स्वतःचं’ आर्थिक जीवन म्हणता येत नाही. आज तिथे असलेले तैवानचे जवान आणि कर्मचारी रसदीवर राहतात, आणि ते तिथे आहेत ते मुळात हक्क सांगण्यासाठी. म्हणून लवादाने वजन दिलं ते अनन्य आर्थिक क्षेत्र ही कल्पना येण्याआधीच्या काळाला. २०० मैलांचं बक्षीस दिसल्यावर कुणीही चार माणसं नेऊन बसवेल. धावपट्टीचं उत्तरही इथेच आहे : बांधकामाने दर्जा बदलत नाही. मिसचीफ रीफवर चीनने मोठी धावपट्टी बांधली, पण मूळ जागा भरतीत बुडणारी, म्हणून लवादाच्या लेखी ती ओहोटीचा उंचवटाच राहिली.

मला हा निकाल तर्काने पटतो, पण तो फार कडक आहे हेही खरं. इतु आबा नापास झालं तर जगभरातली कितीतरी छोटी बेटं नापास होतील, आणि त्यांच्याभोवती २०० मैल आखून बसलेले देश अजून तरी मागे हटलेले नाहीत. चीनने आणि तैवानने निकाल मानला नाही. लवादाचा निकाल फिलिपिन्स आणि चीन या दोन पक्षांपुरताच बांधील आहे, त्यामुळे दुसऱ्या न्यायपीठाने हीच चाळणी जशीच्या तशी वापरायला हवी असंही नाही.

अभ्यासात आणखी एक गल्लत होते, ती सांगायला हवी. हक्क आहे का, हा एक प्रश्न, आणि दोन देशांचे हक्क एकमेकांवर चढले तर रेषा कुठे ओढायची, हा दुसरा. बांगलादेशचं सेंट मार्टिन बेट घ्या. सुमारे ८ चौरस किलोमीटर, हजारो लोकांचं गाव, शेती, मासेमारी. याला खडक कोण म्हणेल? तरी बांगलादेश-म्यानमार खटल्यात १४ मार्च २०१२ रोजी सागरी कायदा न्यायाधिकरणाने त्याला १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र पूर्ण दिला आणि त्यापलीकडची रेषा ओढताना त्याचा काहीही परिणाम धरला नाही. कारण बेटाच्या जागेत होतं. ते म्यानमारच्या किनाऱ्यासमोर येतं, त्याला पूर्ण वजन दिलं असतं तर म्यानमारच्या किनाऱ्याचा समुद्राकडचा पसारा अडला असता.

उलट बाजूने काळ्या समुद्रातलं सर्पद्वीप. रोमानिया म्हणाला हा खडक आहे, युक्रेन म्हणाला बेट आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३ फेब्रुवारी २००९ च्या निकालात त्या वादात शिरायचंच टाळलं. बेटाला १२ मैलांची कमान द्यायची, पुढच्या रेषेत ते धरायचं नाही, असं ठरल्यावर खडक की बेट याने रेषा बदलणार नव्हती. म्हणून ‘सर्पद्वीप खडक ठरलं’ असं कुठे वाचलंत तर तेही चूक.

तुमच्या नोट्समधलं वाक्य मी असं करीन : ‘इतु आबा हे करारातल्या अर्थाने खडक आहे, म्हणून त्याला फक्त प्रादेशिक समुद्र मिळतो, अनन्य आर्थिक क्षेत्र आणि समुद्रबूड जमीन मिळत नाही, असा निर्णय लवादाने दिला.’ जिथे विरोध दाखवायचा असेल तिथे ‘खडक’ आणि ‘पूर्ण हक्काचं बेट’ अशी जोडी वापरा. आणि निकाल देणाऱ्याला ‘लवाद’ म्हणा, ‘न्यायालय’ लिहू नका. हेगच्या कायम लवाद न्यायालयाने या प्रकरणात कचेरीचं काम केलं, निकाल दिला तो त्या पाच जणांच्या लवादाने.