कर्णाने कुंतीला दिलेला शब्द, आणि दुर्योधनाला न दिलेली खबर

तुझं पत्र दोनदा वाचलं. कर्णावरचं भाषण लिहिताना, त्याने भावांकडे जायला हवं होतं की मित्राकडे राहणंच बरोबर होतं, या प्रश्नात तू अडकलास. हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की आपली निष्ठा जिथे संपते ती जागा आपल्या भरवशावर लढणाऱ्याला माहीत आहे का? नसेल, तर बाजू कुठलीही निवड, घोटाळा होणारच.

महाभारतातलं उद्योगपर्व पुन्हा उघड. कृष्ण कर्णाला रथात घेतो, तू कुंतीचा थोरला म्हणून सांगतो. युधिष्ठिर चामर ढाळेल, भीम छत्र धरेल, अर्जुन रथ हाकेल, असं सगळं देऊ करतो. कर्णाचं उत्तर स्वच्छ आहे: अधिरथाने मला घरी आणलं, राधेने माझं मलमूत्र काढलं, आणि दुर्योधनाने हे युद्ध माझ्या जिवावर आरंभलं आहे. इथवर मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. निर्णय पटो न पटो, माणूस सरळ बोलतोय.

मग गंगेकाठी कुंती येते. कर्णाचा जप संपेपर्यंत त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते. तिलाही तो नाही म्हणतो, पण जाता जाता शब्द देतो: अर्जुन सोडून चौघांना मारणार नाही, तुझे पाच मुलगे पाचच राहतील. याला सगळे औदार्य म्हणतात. अरे, पण हे दान कुणाच्या खिशातलं? दुर्योधनाच्या! आणि कर्णाने ते त्याला सांगितल्याचं कुठंही येत नाही.

आता हिशेब मांड. चौदाव्या दिवशी भीम अर्जुनाच्या मागावर कौरवसैन्यात घुसतो आणि कर्णाशी भिडतो. कर्ण मागे हटतोय असं दिसलं की दुर्योधन एकेक करून आपले भाऊ मदतीला पाठवतो, आणि भीम त्यांना मारत जातो. त्यांतच विकर्ण पडतो, द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने उभा राहिलेला आणि त्याबद्दल कर्णाचेच बोल खाल्लेला. शेवटी भीमाचीच शस्त्रं संपतात. तो मेलेल्या हत्तींच्या आडोशाला शिरतो, हाताला लागेल ते फेकून मारतो. कर्ण जवळ येतो, कुंतीला दिलेला शब्द आठवतो, धनुष्याच्या टोकाने भीमाला डिवचतो, खादाड म्हणून हिणवतो आणि सोडून देतो. तीन दिवसांनी, सतराव्या दिवशी, हाच भीम कर्णाच्या डोळ्यांदेखत दुःशासनाची छाती फोडतो. अठराव्या दिवशी दुर्योधनाच्या मांड्या.

शब्द कर्णाने दिला, तो फिटला मात्र दुर्योधनाच्या भावांवर.

तू म्हणशील, सांगितलं असतं तर जन्माचं गुपित फुटलं असतं, आणि ते युधिष्ठिराला कळू नये म्हणून तर कर्णाने कृष्णाला गळ घातली होती. तू असं म्हणणार हे मला माहीतच होतं, म्हणून भीष्मांकडे बघ. सेनापतिपद घेतानाच त्यांनी दुर्योधनाला तोंडावर सांगितलं: रोज हजारो योद्धे मारीन, पण पंडूच्या मुलांना मारणार नाही. शिखंडीवर बाण टाकणार नाही, हेही युद्ध सुरू होण्याआधीच सांगून टाकलं. पांडवांवरच्या मायेची कैफियत मांडत बसले नाहीत, फक्त मर्यादा सांगितली. मग दुर्योधनाने काय केलं? पद त्यांच्याकडेच ठेवलं, आणि शिखंडीला भीष्मांपर्यंत पोचू देऊ नका म्हणून दुःशासनाला बजावलं. माहीत असलेल्या उणिवेभोवती माणूस पहारा बसवू शकतो. तो पहारा दहाव्या दिवशी तुटला ही गोष्ट वेगळी, पण निदान बसवता आला. कर्णाच्या उणिवेभोवती पहारा बसणार कसा? ती आहे हेच ठाऊक नव्हतं.

एवढंच बोलायचं होतं: ‘या चौघांसमोर मला उभा करू नकोस, कारण विचारू नकोस.’ गुपितही राहिलं असतं. दुर्योधन चिडला असता, कदाचित त्याने सेनापतिपद दिलंच नसतं. द्यावं की नाही हे ठरवणं त्याचा हक्क होता.

मी कर्णावर डूख धरून आहे असं तुला वाटेल. वाटू दे. त्याच्या दुःखाने सगळे इतके विरघळतात, की कुणीतरी रुक्षपणे विचारायला हवं, आणि ते काम मी पत्करलंय.

बाजू बदलूनही सरळ राहता येतं, हे बघायचं तर युयुत्सू वाच. धृतराष्ट्राचा वैश्य स्त्रीपासूनचा मुलगा. पहिल्या दिवशी, बाण सुटण्याआधी, युधिष्ठिर दोन्ही सैन्यांमध्ये उभा राहून विचारतो, आमच्याकडे कुणाला यायचंय? युयुत्सू सगळ्यांसमक्ष हो म्हणतो आणि दुंदुभी वाजवत पलीकडे जातो. शंभर भावांना दिसेल, ऐकू जाईल असा. त्याला फितूर म्हणायचं तर म्हण, पण त्याच्या भरवशावर कुणी मोर्चा लावलेला नव्हता.

पुढच्या पत्रात तुझं भाषण पाठव. त्यात ‘दानशूर’ हा शब्द गंगाकाठच्या प्रसंगाला लावला असशील तर आधीच खोडून ठेव.