अठरा रुपयांच्या गाऊनमध्ये दोरा कुठे गेला?

*अमळनेरला माझं छोटं शिलाई युनिट आहे, चार मशीन आणि एक ओव्हरलॉक. जळगावच्या व्यापाऱ्याचे गाऊन जॉबवर्कवर शिवते. कापलेला माल आणि दोरा तोच पाठवतो, दोऱ्याचा हिशोब दिवाळीला होतो. गाऊनला 18 रुपये मिळतात, महिन्याला साधारण अडीच हजार नग जातात. बायकांना नगाला 12 देते. ओव्हरलॉक, धागे कापणं, चेकिंग मीच करते. भाडं, लाइट, रिक्षाचे सात हजार जाऊन आठ हजार उरतात. एजंट म्हणतो महिना सहा हजारांची पॉलिसी घ्या, दहा वर्षं भरा. घेऊ का?*

ताई, नका घेऊ. दहा वर्षं हप्ता भरायचा तर दहा वर्षं पैसा यायला हवा. सुरुवातीलाच पॉलिसी बंद पडली तर भरलेल्यातलं थोडंच हाती येतं, हे एजंट सही घेताना सांगत नाही. पण पॉलिसीचं सोडा. मला तुमच्या आठ हजारांचीच काळजी वाटते, कारण त्यातून दोरा अजून वजाच झालेला नाही.

दोरा म्हणजे किरकोळ खर्च, असं सगळेच धरून चालतात. साध्या मशीनवर एक मीटर शिवणीला वरचा आणि बॉबिनचा मिळून पावणेतीन मीटर दोरा लागतो. तीन दोऱ्यांचं ओव्हरलॉक त्याच मीटरला चौदाएक मीटर खातं. एका गाऊनला आठ मीटर साधी शिवण आणि पाच मीटर ओव्हरलॉक धरलं, तर 22 अधिक 70, म्हणजे 92 मीटर. शेपट्या आणि तुटलेला दोरा धरून 105 म्हणा. पाच हजार मीटरचा कोन शंभर रुपयांना पकडला, तर नगाला दोन रुपये दहा पैसे. अडीच हजार नगांचे सव्वापाच हजार! दिवाळीला बिलातून हेच कापलं जाणार, आणि कोनचा भाव व्यापारी लावील तो.

माझ्या आकड्यावर विसंबू नका, घरच्या वजनकाट्यावर मोजून बघा. नवा कोन आणि रिकामी नळी वेगवेगळी तोला; मधला फरक म्हणजे लेबलवर छापलेले मीटर. मग पन्नास गाऊन शिवण्याआधी आणि नंतर मशीनवरचे सगळे कोन तोला, बॉबिन भरता तोही. किती ग्रॅम घटले त्यावरून मीटर निघतील.

म्हणजे उरले पावणेतीन हजार. त्यात तुमची स्वतःची मजुरी कुठे आहे? रोज शंभर गाऊन, नगाला चार मिनिटं, म्हणजे तुम्ही चारशे मिनिटं उभ्या. या कामाला बाई ठेवली तर तीनशे रुपये रोजाने पंचवीस दिवसांचे साडेसात हजार द्याल. तुम्ही आजारी पडलात तर द्यावेच लागतील. ही मजुरी धरली की धंदा तोट्यात आहे, ताई. ज्याला तुम्ही शिल्लक म्हणता ती तुमची मजुरी आहे, आणि तीही अर्ध्याहून कमी.

मशीनचंही तसंच. पाचही मशीन मिळून लाखभराची, सात-आठ वर्षं चालतील. झीज, सुया, तेल, दुरुस्ती महिना दोन हजार धरा, नगाला 80 पैसे.

आता भाव मांडू. शिलाई 12, तुमचं काम 3, दोरा 2.10, भाडं-लाइट-रिक्षा 2.80, मशीन 80 पैसे, उसवून पुन्हा शिवायच्या मालाचे 50 पैसे. झाले 21.20. नफा यात अजून एक पैसाही नाही, आणि हे रोज शंभर नग निघतात असं धरून. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली ऐंशी निघाले तरी भाडं तेवढंच राहतं.

व्यापाऱ्याकडे "भाव वाढवा" म्हणत जाऊ नका, तो दुसऱ्या युनिटचा भाव तोंडावर मारेल. दोऱ्यावर बोला. दोरा त्याचाच, कापायचा नाही, आणि शिलाई 20. असं झालं तर तुमचा खर्च 19 च्या आसपास येतो. नाहीतर दोरा तुम्ही बाजारातून घ्या आणि 23 मागा. दोऱ्याचा जुना हिशोब आत्ताच चलनावर लिहून मागा, दिवाळीची वाट बघू नका. पायपिंग, चेन किंवा खिसा असलेल्या गाऊनचा भाव वेगळा ठरवा. आणि चाळीस नगांत सहा रंग पाठवले तर ओव्हरलॉकवर तिन्ही कोन सहा वेळा बदलावे लागतात, तो वेळ तुमचा जातो. एका रंगाचे किमान किती नग हेही ठरवून घ्या.

हे होईपर्यंत दर महिन्याला सव्वापाच हजार वेगळ्या खात्यात टाका. ते व्यापाऱ्याचे आहेत. एजंटला दिवाळीनंतर यायला सांगा, आणि तो आला तरी आधी मला ते चलन पाठवा.