झूम करूनही शीर्षक वाढत नाही तेव्हा

> "h1 ला clamp(1rem, 5vw, 4rem) दिले आहे. मोबाईलवर आणि लॅपटॉपवर आकार बरोबर येतो, पण एका वाचकाची तक्रार आहे की झूम केले तरी शीर्षक तेवढेच राहते. माझ्या फोनवर मात्र दोन बोटांनी नीट मोठे होते. काय करू?"

दोष मधल्या `5vw` मध्ये आहे. ब्राउझरचे झूम वाढवले की सीएसएसच्या हिशेबाने व्ह्यूपोर्ट अरुंद होतो आणि `vw` त्याच रुंदीवरून ठरते. १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत तुमचे शीर्षक ६४ पिक्सेलचे येते. झूम २०० टक्के केले की व्ह्यूपोर्ट ६४० उरतो, `5vw` ३२ वर येते आणि पडद्यावर दुप्पट होऊन पुन्हा ६४ च भरते. ४०० टक्क्यांवर १६ गुणिले ४, म्हणजे तेच. तोवर १६ पिक्सेलचा साधा परिच्छेदही वाढत वाढत ६४ वर पोचलेला असतो, त्यामुळे शीर्षक आणि मजकूर एकाच मापाचे दिसतात. फोनवर दोन बोटांनी मोठे करताना मांडणीची रुंदी बदलत नाही, म्हणून हा दोष तिथे सापडत नाही. तो डेस्कटॉपवर कंट्रोल आणि अधिकचे बटण दाबूनच पाहावा लागतो.

तुमचा वाचक तरी नेमके बोलला. आमचे एक संकेतस्थळ तपासणीसाठी ज्या कार्यालयाकडे गेले होते, तिथून "अक्षरे मोठी होत नाहीत" एवढाच शेरा येऊन काम परत आले. कोणते पान, कोणता ब्राउझर, किती झूम, यातले काहीच नमूद नव्हते आणि विचारणा केल्यावर तोच शेरा पुन्हा पाठवण्यात आला. आम्ही आधी फॉन्टच्या फाइलींवर संशय घेतला, मग जुन्या मीडिया क्वेरींवर. डेव्हटूल्समध्ये झूम वाढवताना शीर्षकाचे `font-size` ६४, ३२, १६ असे उतरताना दिसले, तेव्हा उलगडा झाला. तपासणाऱ्याने झूमचा आकडा लिहिला असता तर हे सारे पहिल्याच दिवशी संपले असते.

उपाय असा की मधल्या मूल्यात `rem` चा भाग हवा, कारण झूमबरोबर तोच वाढतो. समजा ४०० पिक्सेल रुंदीला शीर्षक २८ चे आणि १२०० ला ४४ चे हवे आहे. अक्षर १६ ने वाढते, रुंदी ८०० ने, भागाकार ०.०२, म्हणजेच `2vw`. ४०० रुंदीवर `2vw` चे ८ पिक्सेल होतात, ते २८ मधून वजा केल्यावर २० उरतात, म्हणजे `1.25rem`.

```css
h1 {
  font-size: clamp(1.75rem, 1.25rem + 2vw, 2.75rem);
  line-height: 1.4;
}
```

अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा. ती नसेल तर ब्राउझर ती अख्खी घोषणाच निमूटपणे टाकून देतो.

हे केले म्हणून शीर्षक झूमच्या प्रमाणातच वाढेल, असे मात्र नाही. १२०० च्या खिडकीत २०० टक्क्यांवर ते ४४ वरून ६४ पर्यंतच जाते. दुपटीच्या पुढे जायला ४०० टक्के झूम लागते, तिथे ते ११२ होते. सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांतील १.४.४ नुसार मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे. कमाल आकार किमान आकाराच्या अडीच पटींच्या आत ठेवला, तर ५०० टक्क्यांपर्यंत झूम देणाऱ्या ब्राउझरांत ही अट पाळली जाते. तुमचे गुणोत्तर चौपट आहे, आणि माझ्या मते कोणत्याही शीर्षकाला इतका ताण देऊ नये. मी परीक्षक नाही, त्यामुळे हे प्रमाणपत्र समजू नका. आपल्या पानावर प्रत्यक्ष मोजून पाहा.

`html` ला `font-size: 16px` दिलेले असेल तर तेही काढा, कारण ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठे करून ठेवणाऱ्याची निवड त्यामुळे पुसली जाते. एखाद्याने तिथे २० ठेवले असेल तर वरच्या सूत्राची वाढ ४०० ते १२०० ऐवजी ५०० ते १५०० रुंदीत होईल. मला तो दोष वाटत नाही, पण डिझायनर विचारतील तेव्हा उत्तर तयार असावे.

`line-height` मी मुद्दाम १.४ धरली आहे. इंग्रजी नमुन्यांतली १.१ उचलली आणि मराठी शीर्षक फोनवर दोन ओळींत मोडले, की वरच्या ओळीतल्या "कृ"चा पाय खालच्या ओळीतल्या "र्मी"च्या रफाराला जाऊन भिडतो. हे मूल्य एककाशिवायच लिहा, म्हणजे `clamp` ने आकार बदलला की ओळींमधले अंतरही त्याच प्रमाणात बदलेल.