टाचेची झीज पाहून लगेच बूट बदलू नका

धावायच्या जुन्या बुटांच्या तळव्यांचा फोटो पाठवून तुम्ही विचारलंत, आता कोणते बूट घ्यावेत. फोटोत दोन्ही बुटांच्या टाचांची बाहेरची कड घासलेली दिसते. तेवढ्यावरून आतून आधार देणारे जड बूट घेऊ नका. टाच आधी टेकवून धावणाऱ्या बहुतेकांचा पाय बाहेरच्या कडेवरच उतरतो, त्यामुळे ती झीज नेहमीचीच. खरं बघायचं ते चवड्याखाली. तुमच्या तळव्यावर तिथे मधोमध, अंगठा आणि शेजारच्या बोटाखाली सारखीच झीज आहे. म्हणजे असा जादा आधार नसलेले साधे, न्यूट्रल बूटच घ्या. झीज करंगळीपर्यंत बाहेरच्याच कडेने गेली असती, तरी मी न्यूट्रलच सांगितले असते, फक्त जास्त मऊ. पूर्ण आतली कड घासली असती, तर आधाराचे बूट घालून बघा म्हटलं असतं.

अजून एक फोटो हवा. बूट सपाट टेबलावर ठेवून, कॅमेरा टाचेच्या उंचीवर धरून मागून काढा. रबराखालचा फोम एका बाजूला दबून बूट कलला असेल, तर ते वरून काढलेल्या फोटोत कळत नाही. एकच बूट कललेला असेल, तर रोज उतरत्या कडेच्या रस्त्याच्या एकाच बाजूने धावता का, तेही सांगा. गुडघा किंवा नडगी दुखत असेल तर मात्र फोटोवर विसंबू नका, फिजिओथेरपिस्टला चाल दाखवा.